आड तुडुंब, पण दोर तुटलेला: चार्ज असलेली इलेक्ट्रिक गाडी मरते तेव्हा

प्रश्न: "गाडी तीन वर्षांची आहे. गणपतीला कोकणात गेलो होतो, गाडी सोळा दिवस पार्किंगला उभी. जाताना ७१ टक्के चार्ज होता. परत आलो तर रिमोटने दार उघडेना, बटण दाबलं तर काहीच नाही. चार्जर लावला, एक दिवासुद्धा लागला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंप दिला तेव्हा स्क्रीन आली, आतून टक-टक-टक आवाज आला आणि लाल अक्षरांत फॉल्ट दिसला. वर्कशॉपवाल्यांनी कोड काढला आणि म्हणाले, कॉन्टॅक्टर गेलेत, पॅक खाली उतरवावा लागेल. खर्च ऐकून घाम फुटला. एवढा चार्ज असताना गाडी मरते कशी? आणि कॉन्टॅक्टरचं खरं धरायचं का?"

पॅक उतरवायला अजून होकार देऊ नका. आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बाहेर काढून नीट तपासून घ्या, गरज असेल तर बदला, मग सगळे कोड पुसून गाडी पुन्हा चालू करून बघा. चांगल्या बॅटरीवरही तोच कोड परत आला, तर कॉन्टॅक्टरचं बोलू. तुम्ही जे टक-टक-टक लिहिलंय, त्यावरून माझा संशय छोट्या बॅटरीवरच आहे. का, ते सांगतो.

तुमच्या गाडीत बॅटऱ्या दोन. खाली फ्लोअरला लावलेला मोठा पॅक, तीन-चारशे व्होल्टचा, ज्याचे टक्के स्क्रीनवर दिसतात. आणि बॉनेटखाली साध्या पेट्रोल गाडीसारखी १२ व्होल्टची एक छोटी बॅटरी, जिच्याकडे कुणी बघतही नाही. दाराचं लॉक, स्क्रीन, दिवे, ब्रेकचा कंट्रोलर, पॅकवर देखरेख करणारा बीएमएस, सगळं या छोटीवर चालतं. मोठा पॅक फक्त मोटर, एसी असल्या जड कामांसाठी, आणि गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून छोटीला चार्ज करण्यासाठी.

आता मधला दरवाजा. गाडी बंद असताना पॅक बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेला असतो. तोडणारे स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. मुठीएवढा बंद डबा, आत तांब्याचे दोन जाड संपर्कबिंदू आणि त्यांच्यावर येऊन बसणारी एक पट्टी. ती पट्टी स्प्रिंगने कायम वर ढकललेली असते. खाली ओढायला एक कॉइल असते आणि त्या कॉइलला करंट मिळतो १२ व्होल्टच्या बॅटरीकडून. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. अपघातात वायर तुटली, बॅटरी मेली, कंट्रोलर बंद पडला, काहीही झालं तरी कॉइलचा करंट जातो आणि पॅक आपोआप वेगळा होतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हेच बरोबर. पण त्याची दुसरी बाजू तुम्ही भोगताय. छोटी बॅटरी मेली की कॉन्टॅक्टर लागत नाही, कॉन्टॅक्टर लागला नाही की पॅकचा करंट डीसी-डीसीपर्यंत पोचत नाही, आणि तो पोचला नाही की छोटी चार्ज होत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आड तुडुंब आहे, दोरच तुटलाय.

चार्जर लावून काही झालं नाही, याचं कारणही हेच. लोकांना वाटतं, गन लावली म्हणजे गाडीत वीज शिरली. तसं नसतं. गन लावल्यावर चार्जर एका बारीक पिनवरून गाडीला फक्त विचारतो, तयार आहेस का? त्या पिनवर १२ व्होल्टचा सिग्नल असतो, गाडी जोडली की तो ९ वर येतो आणि गाडी चार्ज घ्यायला तयार झाली की ६ वर. हा निव्वळ निरोप असतो, त्याने बॅटरी भरत नाही. उत्तर द्यायला गाडीतला कंट्रोलर जागा हवा, आणि तो जागतो छोटीवर. छोटी मेलेली असेल तर चार्जर विचारतच राहतो. गन रात्रभर लावून ठेवली तरी पॅकमध्ये एक युनिट जाणार नाही.

सोळा दिवसांत बॅटरी उतरली कशी, हा खरा प्रश्न. पेट्रोल गाडीत बॅटरी म्हातारी झाली की आपल्याला कळतं. सकाळी स्टार्टर रडतो, दोनदा किल्ली फिरवावी लागते, महिनाभर आधी सूचना मिळते. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टरच नाही. छोटीला शेकडो अँपिअर कधी द्यावेच लागत नाहीत, म्हणून अर्धमेली बॅटरीसुद्धा निमूट काम करत राहते आणि एक दिवस अचानक हात वर करते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला उष्णता सोसत नाही. तीन वर्षांची बॅटरी, त्यात दोन-तीन वेळा पूर्ण उतरून गेलेली, म्हणजे तिच्या प्लेटांवर सल्फेट धरलेलं असतं आणि तिची साठवण कागदावरच्या निम्म्यावर आलेली असू शकते.

हिशेब करून बघा. गाडी पूर्ण झोपली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, मोबाईल अ‍ॅपसाठीचं सिमकार्ड यांना थोडा करंट लागतोच. समजा ३० मिलीअँपिअर. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या आत. नवी ४५ अँपिअर-तासांची बॅटरी यात महिनाभर आरामात टिकते. आता मधेच तुम्ही कोकणातून रोज चार वेळा अ‍ॅप उघडून चार्ज किती आहे ते बघत असाल, तर प्रत्येक वेळी गाडी काही मिनिटं जागी होते आणि जागी असताना ती काही अँपिअर खाते. पार्किंग मोडचा डॅशकॅम लावला असेल तर मग विचारूच नका. काही गाड्या उभ्या असताना अधूनमधून स्वतःहून पॅकमधून छोटीला चार्ज देतात, पण ही सोय प्रत्येक गाडीत नसते, आणि असली तरी तिच्या अटी असतात. पॅक फार खाली गेला असेल किंवा बॉनेट नीट बसलेलं नसेल, तर काही गाड्या ते करत नाहीत. तुमच्या मॅन्युअलमध्ये हे पान शोधून वाचा.

आता मीटर हातात घ्या. साधा तीनशे-चारशे रुपयांचा मल्टीमीटर चालेल, डीसी २० व्होल्टच्या रेंजवर. दाराच्या किल्लीचं पातं रिमोटच्या आत दडलेलं असतं, ते ओढून काढा, दार उघडा, बॉनेटची दोरी हाताने खेचायची असते, तिला वीज लागत नाही. मग तीन वेगवेगळ्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवरच व्होल्टेज घ्यायचं. क्लॅम्पवर नको, टर्मिनलच्या शिशाच्या खुंटीवर टोकं टेकवा.

पहिलं रीडिंग गाडीला काही न करता, निदान काही तास उभी असताना. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला १२.६ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. ११.८ म्हणजे रिकामी. ४ किंवा ६ व्होल्ट दिसले तर ती बॅटरी गेली, चार्ज करून परत उभी राहिली तरी तिच्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरं रीडिंग ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबतानाच. एकाने मीटरवर नजर ठेवायची, दुसऱ्याने बटण दाबायचं. इथे खरी परीक्षा होते, कारण विश्रांतीत १२.४ दाखवणारी बॅटरी बटण दाबताच ९ वर कोसळू शकते. चांगली बॅटरी १२ च्या खाली फारशी जात नाही. १० च्या खाली गेली तर तिचा आतला रोध वाढलाय, आणि बरेच कंट्रोलर याच हद्दीत एकेक करून झोपायला लागतात.

तिसरं रीडिंग डॅशवर READY आल्यावर. तेव्हा डीसी-डीसी चालू असतो, म्हणून मीटरवर १३.५ ते १४.५ च्या दरम्यान काहीतरी दिसायला हवं. बॅटरी भरलेली असेल तर काही गाड्या मुद्दाम १३ च्या आसपास ठेवतात, त्याने घाबरू नका. पण READY असूनही १२.४, मग १२.३, १२.२ असं उतरत जात असेल तर डीसी-डीसी काम करत नाहीये. तेव्हा नवी बॅटरी घातलीत तर तीही उतरणार. बॅटरी बदलून गाडी घरी नेली आणि चौथ्या दिवशी परत टो करून आणली, असे लोक माझ्याकडे येतात. त्यांच्या बाबतीत तिसरं रीडिंग कुणी घेतलेलंच नसतं.

एक छोटी गोष्ट, मीटर हातात आहे तोवर. टर्मिनलवर १२.६ आहे आणि क्लॅम्पवर १०.८, असं दिसलं तर दोष बॅटरीचा नाही, मधल्या जोडाचा आहे. पांढरट-हिरवी बुरशी धरलेली असते किंवा नट सैल असतो. बॉडीला जाणारी काळी पट्टीही तशीच बघा. गाडी जागी असताना निगेटिव्ह खुंटी आणि बॉडीचा कोरा लोखंडी भाग यांच्यामध्ये फार तर एक-दोन दशांश व्होल्ट दिसायला हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग साफ करा. पंधरा मिनिटांचं काम.

आता तुमचं टक-टक-टक. गाडी चालू होताना कॉन्टॅक्टर एकदम लागत नाहीत. आधी निगेटिव्ह बाजूचा लागतो आणि त्याच्यासोबत प्रीचार्जचा एक छोटा रिले, ज्याच्या रांगेत एक रेझिस्टर असतो. कारण असं की पॅकची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या इन्व्हर्टरच्या तोंडाशी मोठे कपॅसिटर असतात आणि ते रिकामे असतात. मुख्य कॉन्टॅक्टर थेट मारला तर रिकाम्या कपॅसिटरमध्ये हजारो अँपिअरचा लोंढा जाईल आणि संपर्कबिंदू जागेवर वितळून चिकटतील. म्हणून आधी रेझिस्टरमधून हळू भरायचं. उदाहरण म्हणून ३२० व्होल्टचा पॅक, ४० ओहमचा रेझिस्टर आणि १००० मायक्रोफॅरड घेतले तर सुरुवातीचा करंट ८ अँपिअरवर अडतो आणि साधारण पाव सेकंदात कपॅसिटर भरतात. बीएमएस पलीकडचं व्होल्टेज बघत असतो. ते पॅकच्या जवळ, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास आलं की मुख्य पॉझिटिव्ह कॉन्टॅक्टर लागतो आणि प्रीचार्ज रिले सुटतो. निरोगी गाडीत तुम्ही मागच्या सीटवर शांत बसलात तर हे ऐकू येतं. टक, क्षणभर थांबून पुन्हा टक, आणि READY.

कॉन्टॅक्टरच्या कॉइलला पट्टी ओढताना तीन-चार अँपिअर लागतात, एकदा बसली की धरून ठेवायला त्याचा दहावा-विसावा हिस्सा पुरतो. त्याच क्षणी ब्रेकचा पंप, पाण्याचा पंप, सगळे कंट्रोलर जागे होऊन छोटीकडून एकूण दहा-वीस अँपिअर मागत असतात. थकलेली बॅटरी तिथेच कोसळते. व्होल्टेज पडलं की कॉइल पट्टी सोडते. पट्टी सुटली की ओझं कमी होतं, व्होल्टेज पुन्हा वर येतं, कंट्रोलर पुन्हा प्रयत्न करतो. टक-टक-टक. बीएमएसच्या दृष्टीने काय झालं? मी कॉन्टॅक्टरला लाग म्हटलं, तो लागला नाही. म्हणून तो कॉन्टॅक्टरचा कोड लिहून ठेवतो. खोटं काही लिहिलेलं नाही. पण कॉन्टॅक्टर निकामी आहे, असंही त्याने म्हटलेलं नाही.

जंपच्या बाबतीत एक गैरसमज आहे. जंप देऊनही चालू झाली नाही म्हणजे १२ व्होल्टचा प्रश्न नाही, असं तुम्हाला वर्कशॉपमध्ये सांगितलं असणार. मेलेली बॅटरी स्वतःच मोठं ओझं असते. बाजारातल्या बारीक केबलमधून येणारा करंट आधी तीच गिळते. त्या वेळी तुमच्या टर्मिनलवर कदाचित १०-११ च्या वर व्होल्टेज गेलंही नसेल. जंप जोडून दहा मिनिटं थांबून, टर्मिनलवर १२ च्या वर आहे हे मीटरने बघून मग बटण दाबलं होतं का? बहुतेक वेळा जोडलं आणि लगेच दाबलं, असंच होतं.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे अशीच एक गाडी टोवर आली. पॅक ६४ टक्के. दुसरीकडे कॉन्टॅक्टर आणि त्याचा हार्नेस बदलायचं कोटेशन मिळालेलं, कागद मालकांच्या हातात. स्कॅनर लावला तर सतरा कोड. `P0AA2`, म्हणजे पॉझिटिव्ह कॉन्टॅक्टर उघडाच राहिला, हा सगळ्यात वर होता आणि त्यावरच कोटेशन बनलेलं. पण खाली `P0562` होता, म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी. आणि U ने सुरू होणारे आठ-नऊ कोड, वेगवेगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलेनासे झाल्याचे. एका कॉन्टॅक्टरच्या दोषाने ब्रेकचा, स्टिअरिंगचा आणि एअरबॅगचा कंट्रोलर एकदम गप्प होत नाही. एवढे सगळे एकदम गप्प झाले म्हणजे त्यांची रसद तोडली गेली होती. वेळेचे शिक्के बघितले तर `P0562` सगळ्यात आधीचा.

बॅटरी विश्रांतीत १२.३ होती, कारण टोवाल्यांनी वाटेत बूस्टर लावला होता. बटण दाबलं आणि मीटर ८.९ वर आला, टक-टक सुरू. बॅटरी काढून लोड टेस्टरवर घेतली, सपशेल नापास. त्याच प्रकारची नवी बसवली. विश्रांतीत १२.७, बटण दाबताना १२.२, READY झाल्यावर १४.१. सगळे कोड पुसले, गाडी बंद करून अर्धा तास झोपू दिली, पुन्हा चालू केली, असं तीन वेळा. मग वीस किलोमीटर फिरवली. एकही कोड परत आला नाही.

पण काम तिथे संपलं नव्हतं, कारण अडीच वर्षांत बॅटरी का मेली ते कळायचं होतं. बॉनेटचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करून गाडीला वाटू दिलं की बॉनेट लागलंय, दारं लावली, किल्ली लांब नेऊन ठेवली, आणि निगेटिव्ह केबलभोवती डीसी क्लॅम्प मीटर अडकवून चहाला गेलो. पाऊण तासाने ३० मिलीअँपिअरच्या आसपास दिसायला हवं होतं. दिसलं ३१०. फ्यूज एकेक करून काढत गेलो, डॅशकॅमसाठी टॅप केलेला फ्यूज काढताच २८ वर आलं. म्हणजे एकटा कॅमेरा २८० मिलीअँपिअर, दिवसाला पावणेसात अँपिअर-तास. आठवडाभर गाडी उभी राहिली की बॅटरी तळाला. मालकांनी कॅमेरा मागच्या दिवाळीत बसवला होता. कॅमेऱ्यात व्होल्टेज पडल्यावर बंद होण्याची सोय होती, पण ती ११.६ वर ठेवलेली. १२.२ वर ठेवून दिली.

आता कॉन्टॅक्टर खरंच गेला असेल तर ते कसं ओळखायचं? १२ व्होल्टची बाजू निर्दोष आहे, तिन्ही रीडिंग चोख आहेत, तरीही गाडी READY होत नाही, तेव्हाच हा रस्ता. इथून पुढे मीटर बाजूला ठेवायचा. पॅकचं जीवघेणं व्होल्टेज वाहणाऱ्या नारिंगी केबल, नारिंगी प्लग यांना मालकाने हात लावायचा नाही. स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायचा, तोही वर्कशॉपवाल्यांनी, तुम्ही शेजारी उभं राहून. दोन आकडे सांगा त्यांना काढायला: पॅकचं व्होल्टेज आणि इन्व्हर्टरच्या तोंडाशी असलेलं व्होल्टेज. पुढचं सगळं दुसऱ्या आकड्यात आहे.

पॅक ३२५ आहे आणि बटण दाबल्यावर इन्व्हर्टरचा आकडा शून्याच्या जवळच राहिला, तर करंट पलीकडे पोचलाच नाही. निगेटिव्ह कॉन्टॅक्टर लागला नसेल, प्रीचार्ज रिले लागला नसेल, किंवा रेझिस्टर जळून आतून तुटला असेल. कॉइलला १२ व्होल्ट येतात की नाही, हा पुढचा प्रश्न. आकडा भराभर ३१५-३२० पर्यंत गेला आणि मग मुख्य कॉन्टॅक्टरची टक ऐकू येऊनही हळूहळू उतरायला लागला, तर मुख्य पॉझिटिव्ह कॉन्टॅक्टर वाजतोय पण जोडत नाहीये. संपर्क जळालेले असतात. हा खरा कॉन्टॅक्टरचा दोष.

तिसरा प्रकार फसवा आहे. आकडा वर चढतो, १४०-१५० ला अडकतो आणि एका सेकंदात बीएमएस माघार घेतो. कोड येतो `P0C78`, म्हणजे प्रीचार्जला फार वेळ लागला. वाचणारा म्हणतो कॉन्टॅक्टर किंवा प्रीचार्ज युनिट बदला. पण नीट बघा, रेझिस्टरमधून करंट वाहतोय म्हणूनच आकडा इथवर आला. अडकला, कारण पलीकडे काहीतरी तो करंट पिऊन टाकतंय. मी असं एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये बघितलंय. त्याच्या आतला इन्व्हर्टर शॉर्ट होता. पॅक वेगळा करून, सगळं निर्जीव असल्याची खात्री करून, कॉम्प्रेसरचा प्लग काढला आणि परत जोडणी करून बघितली, तर गाडी पहिल्याच दाबात READY. पॅकला हात लावायची गरजच नव्हती.

म्हणून एक विनंती. चालू होत नाही म्हणून बटण दहा-दहा वेळा दाबू नका. प्रीचार्जचा रेझिस्टर क्षणभरापुरताच करंट सोसायला बनवलेला असतो. पलीकडे ओझं असताना प्रत्येक प्रयत्नात तो तापतो, आणि लागोपाठच्या प्रयत्नांत जळतो. म्हणूनच बरेच बीएमएस काही अपयशांनंतर प्रयत्न करणंच थांबवतात. मग लोकांना वाटतं, आधी निदान आवाज तरी येत होता.

चिकटलेला कॉन्टॅक्टर हा वेगळा आणि जास्त गंभीर प्रकार. कोड `P0AA1` पॉझिटिव्हसाठी, `P0AA4` निगेटिव्हसाठी. गाडी बंद करताना बीएमएस एकेक कॉन्टॅक्टर सोडून बघतो की पलीकडचं व्होल्टेज सुटलं का. सुटलं नाही तर तो चिकटला असं मानतो आणि पुढच्या वेळी गाडी चालू होऊ देत नाही. याचा अर्थ पॅकचं एक टोक गाडी बंद असतानाही बाहेर जोडलेलं आहे. त्यात दुसऱ्या टोकाचा इन्सुलेशनचा दोष आला तर नारिंगी केबल बंद गाडीतही जिवंत असू शकते. अशा गाडीवर काम करणाऱ्याने पॅकचा करंट हाताने तोडायचा सर्व्हिस प्लग काढावा, कपॅसिटर उतरायला मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबावं, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालावे आणि तितक्याच रेटिंगच्या मीटरने शून्य असल्याचं बघून मगच पुढे जावं. हे करताना जो घाई करतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

आणि थकलेल्या छोट्या बॅटरीचा इथे संबंध आहे, हे पुष्कळ जण विसरतात. कॉइलला अपुरं व्होल्टेज मिळून पट्टी फडफडत राहिली की प्रत्येक उघडझापीत संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते. एक-दोनदा झालं तर काही होत नाही. महिनोन्‌महिने अशीच गाडी जंप देऊन चालवत राहिलं, तर १२ व्होल्टच्या बॅटरीच्या कटकटीतून खरोखरचा चिकटलेला कॉन्टॅक्टर तयार होऊ शकतो. म्हणून जंप ही तात्पुरती सोय, वर्कशॉपपर्यंत जायची.

तुमच्यापुरतं आता काय करायचं. गाडी वर्कशॉपमध्येच असेल तर त्यांना सांगा, छोटी बॅटरी काढून बाहेर चार्जरवर रात्रभर ठेवा आणि सकाळी लोड टेस्ट करा, किंवा सरळ चांगली बॅटरी लावून बघा. नवी घेताना जुनीवर जो प्रकार लिहिलाय तोच घ्या, एजीएम असेल तर एजीएमच. काही नव्या गाड्यांत छोटी बॅटरीही लिथियमची असते, तिला मी वर दिलेले १२.६-१२.२ चे आकडे लागू नाहीत आणि साधा चार्जरही लावायचा नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते.

गाडी घरी असेल आणि स्वतः जंप देणार असाल, तर शक्यतो बूस्टर किंवा बंद इंजिनाची दुसरी गाडी घ्या. लाल चिमटा प्लसवर, काळा बॉडीच्या जाड लोखंडी बोल्टवर, दहा मिनिटं थांबा, मीटरवर १२ च्या वर दिसू द्या, मग एकदाच बटण दाबा. चिमटे उलटे लागले तर डीसी-डीसी आणि मोठे फ्यूज जातात, तेव्हा बॅटरीवरची खूण दोनदा बघा. आणि याच्या उलट, तुमच्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी चालू करून देऊ नका. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तशी मनाईच असते, स्टार्टरचा झटका या छोट्या बॅटरीला आणि डीसी-डीसीला झेपत नाही. गाडी ढकलायची वेळ आली तरी ओढत नेऊ नका, पार्किंग ब्रेक विजेवरचा असेल तर तो मेलेल्या गाडीत सुटत नाही आणि मोटरही चाकांना जोडलेली असते. टो म्हणजे चारी चाकं उचलून, सपाट ट्रकवरच.

वॉरंटीचं पुस्तक काढा. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या पॅकला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात, आणि बहुतेक गाड्यांत कॉन्टॅक्टर पॅकच्याच पेटीत असतात. म्हणजे कॉन्टॅक्टर खरोखर गेला असला तरी तुमच्या तीन वर्षांच्या गाडीत त्याचे पैसे तुम्ही का द्यायचे, हे त्यांच्याकडून लेखी मागा. छोटी बॅटरी मात्र त्यात नसते, तिची वॉरंटी वेगळी आणि कमी मुदतीची.

आणि पुढच्या वेळी काउंटरवर जाल तेव्हा तीनच गोष्टी विचारा. बटण दाबताना १२ व्होल्टच्या टर्मिनलवर किती आकडा होता? `P0562` किंवा U चे कोड यादीत आहेत का, आणि ते कॉन्टॅक्टरच्या कोडच्या आधीचे आहेत की नंतरचे? कोड पुसून, चांगल्या बॅटरीवर, तोच कोड परत आला का? उत्तरं आली की ते आकडे इथे लिहा, कॉन्टॅक्टर गेलाय की नाही ते त्यावरून सांगता येईल.